उलट्या होत असलेल्या वयस्क माणसाच्या अंगातलं पाणी: घरी काय बघायचं, कसं पाजायचं आणि सलाईन कधी

प्रश्न: आईचं वय 78, वजन साधारण 52 किलो. काल रात्रीपासून सहा उलट्या झाल्या आहेत, जुलाब नाहीत. पाणी दिलं की थोड्या वेळात बाहेर पडतं. ती म्हणते, तहान लागलेली नाही, मला झोपू द्या. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. डिहायड्रेशन झालंय हे घरी कसं ओळखायचं, पाणी कसं द्यायचं, आणि सलाईन लावायला नेमकं कधी न्यायचं?

उत्तर:

आधी एक करा. आईंना जागं करून बसवा आणि दोन मिनिटं बोला. आज वार कोणता, सकाळपासून काय काय झालं, घरात कोण कोण आहे, असं काहीही विचारा. उत्तरं नेहमीसारखी, नेहमीच्या वेगाने आली तर पुढचं सगळं वाचायला वेळ आहे. बोलण्यात गोंधळ असेल, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा डोळे मिटत असतील, तर वाचन इथेच थांबवा आणि दवाखान्यात घेऊन जा. अशा अवस्थेत तोंडाने काही पाजू नका, चमच्यानेसुद्धा नाही. गुंगीतल्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते, आणि मग पाणी कमी पडण्याचा साधा प्रश्न न्यूमोनियाचा होऊन बसतो.

हे सगळ्यात आधी सांगण्याचं कारण म्हणजे तुमच्या प्रश्नातलं "मला झोपू द्या" हे वाक्य. वयस्क माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूवर होणारा परिणाम फार वेळा आरडाओरडा करत येत नाही, गप्प राहून येतो. माणूस शांत पडून राहतो, हाक मारली तर "हं" म्हणतो आणि परत झोपतो. घरच्यांना वाटतं, रात्रभर त्रास झाला, आता जरा विश्रांती मिळतेय. उलटीनंतरचा थकवा खरा असतोच, पण थकलेला माणूस उठवल्यावर पूर्ण जागा होतो. ग्लानीतला होत नाही. दर दोन तासांनी उठवून हा फरक बघत राहा, रात्रीसुद्धा.

आता तहानेचं. तहान लागलेली नाही, हे आई खरंच सांगतायत, पण त्यावर विसंबू नका. वय वाढतं तसा तहानेचा इशारा मंद होतो. शरीर कोरडं पडायला लागलं तरी मेंदू "पाणी प्या" असं जोरात सांगत नाही. त्यातच म्हातारपणी स्नायू कमी झालेले असतात आणि शरीरातलं बरंचसं पाणी स्नायूंमध्येच साठलेलं असतं, त्यामुळे मुळात शिल्लकच कमी. शिवाय पाणी वाचवण्यासाठी लघवी घट्ट करण्याचं मूत्रपिंडाचं कसब वयानुसार उणावतं. तिशीतला माणूस सहा उलट्या सहन करून संध्याकाळी उठून बसतो. अठ्ठ्याहत्तरीत तेवढ्याच उलट्यांनी माणूस आडवा होतो, तो यामुळे.

घरी काय बघायचं, याबद्दल बहुतेकांना दोन गोष्टी माहीत असतात. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती हळू खाली बसते का बघायचं ही एक, आणि डोळे खोल गेलेत का ही दुसरी. लहान मुलांमध्ये दोन्ही उपयोगी आहेत. वयस्कांमध्ये दोन्ही फसवतात. सत्तरीनंतर हाताची कातडी इतकी सैल असते की पाणी पुरेसं असतानाही चिमटा तसाच उभा राहतो, आणि कृश माणसाचे डोळे एरवीही खोलच असतात.

त्याऐवजी तोंडाच्या आत बघा. जिभेच्या टोकावरून काही ठरवू नका, कारण तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ तशीही सुकते. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये स्वच्छ बोट फिरवा. तिथे ओलावा हवा. जीभ वर उचलायला सांगा. जिभेखाली लाळ चमकायला हवी. ती जागा कोरडी, चिकट असेल आणि जिभेवर लांब भेगा पडल्या असतील तर त्या खुणेला वजन आहे. काखेतही हात घालून बघा. काख साधारणपणे किंचित दमट असते, पूर्ण कोरडी लागली तर ती खूण जमेस धरा. यातल्या कुठल्याही एका खुणेवर मी निर्णय घेत नाही. दोन-तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की मात्र थांबत नाही.

लघवीचा हिशेब ठेवा. शेवटची लघवी कधी झाली हे आत्ता विचारून कागदावर लिहा. आठ तास लघवीच झाली नसेल, किंवा झाली ती चार चमचे, गडद आणि उग्र वासाची असेल, तर पाणी कमी आहे असंच धरा. आई डायपर वापरत असतील तर कोरडा आणि ओला डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम वाढले, जवळपास तितके मिलिलिटर लघवी. पण इथेही एक चकवा आहे. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. ते पोटात असेल किंवा रक्तातली साखर फार वाढलेली असेल, तर शरीर कोरडं पडत असतानाही लघवी भरपूर आणि फिकट होत राहते. लघवी चांगली होतेय म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईक मी नेहमी बघते. आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, तिला मात्र घाबरू नका.

घरात वजनकाटा असेल आणि आजारापूर्वीचं वजन माहीत असेल तर त्याच्याइतकं सरळ मोजमाप दुसरं नाही. एक-दोन दिवसांत वजन एक किलोने घटलं तर तो जवळजवळ सगळा एक लिटर द्रव असतो. चरबी इतक्या लवकर उतरत नाही. 52 किलोवरून 50.5 वर आल्या असतील तर दीड लिटरची तूट, म्हणजे वजनाच्या तीन टक्के. या वयात ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

बीपीचं यंत्र असेल तर आडवं असताना पाच मिनिटांनी एकदा आणि उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी असं मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त पडला, किंवा भोवळ येऊन उभंच राहता आलं नाही, तर रक्तवाहिन्यांमधला द्रव कमी आहे, असं समजायला जागा आहे. उभं करताना दोघांनी धरा. मी पाहिलेली कंबरेची हाडं मोडण्याची कित्येक प्रकरणं मूळची पोट बिघडण्याचीच होती, माणूस रात्री एकटा बाथरूमकडे निघाला आणि पडला. पाणी कमी झालं की नाडी वेगाने चालायला हवी. पण हृदयासाठी किंवा बीपीसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल (मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही त्यातली नेहमीची नावं) तर नाडी 65-70 वरच राहते. ती बघून धीर धरू नका.

यानंतरचं काम औषधांचं, आणि माझ्या मते घरच्यांच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं काम. उलट्या चालू असताना काही गोळ्या उलटतात. लघवी वाढवणारी गोळी उरलंसुरलं पाणी बाहेर काढते. नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या बीपीच्या गोळ्या एरवी मूत्रपिंडाचं रक्षण करतात, पण शरीर कोरडं असताना त्याच मूत्रपिंडातला दाब टिकू देत नाहीत. मेटफॉर्मिन मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठतं. "ग्लिफ्लोझिन" अशा शेवटाच्या शुगरच्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्यासोबत पाणी घालवतात, शिवाय उपाशी माणसात रक्त आम्लयुक्त करू शकतात, आणि हे रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही घडतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा आणखी आटतो. आईंच्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि नावं वाचून दाखवून विचारा, यातल्या कुठल्या थांबवू. सहसा उलट्या थांबून खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी त्या पुन्हा सुरू करता येतात. हृदय कमकुवत असल्याचं निदान झालेलं असेल तर स्वतःच्या मनाने काहीच बंद करू नका.

याच्या उलट बाजूलाही काही औषधं आहेत. इन्सुलिन खाणं बंद झालं तरी पूर्ण बंद करायचं नसतं. मात्रा बदलावी लागते, आणि ती डॉक्टरच सांगतील. फिट्सच्या गोळ्या, पार्किन्सनच्या गोळ्या, आणि महिनोन् महिने चालू असलेलं स्टिरॉइड चुकवता येत नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा माणूस उलट्यांमुळे गोळी पोटात ठेवू शकत नसेल तर त्याला इंजेक्शनने ते द्यावंच लागतं. ही वाट बघण्याची गोष्ट नाही. तिथे पाणी किती कमी झालंय हा प्रश्न मागाहून येतो.

पाणी पाजण्याकडे येऊ. तुम्ही पाणी दिलंत आणि ते बाहेर पडलं, हे बहुतेक वेळा पाण्यामुळे होत नाही, त्याच्या मापामुळे होतं. चिडलेल्या जठरात एकदम पेलाभर द्रव गेला की ते ताणलं जातं आणि परत फेकतं. तेवढंच पाणी चमच्याने, अंतर ठेवून दिलं तर बरंचसं आत राहतं.

द्यायचं ते ओआरएस. साध्या पाण्यापेक्षा ते चांगलं का, हे समजून घेतलं तर पुढे चुका होत नाहीत. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच ते त्यांना आत घेतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत खेचलं जातं. म्हणून त्यातलं साखर आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवा. "जास्त जोर यावा" म्हणून अर्ध्या लिटरात कालवली तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं आणि फायद्याऐवजी अपाय होतो. थोडी थोडी पुडी पेल्यात टाकायची पद्धतही सोडा, प्रमाण कधीच जुळत नाही. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या. आईंना मधुमेह आहे म्हणून घाबरू नका. दिवसभरात एक लिटर गेलं तरी ती साखर तीन चमच्यांच्या आसपासच होते. बीपी असणाऱ्यांनाही दोन दिवस हे मीठ चालतं, कारण ते गमावलेल्या मिठाची जागा घेत असतं. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ चालेल, फक्त त्यात पोटॅशियम नसतं हे लक्षात असू द्या. गोड शीतपेयं आणि डबाबंद रस मात्र नकोत. त्यातली साखर इतकी जास्त असते की ती पाणी उलट आतड्यात ओढून घेते.

शेवटच्या उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं काहीच देऊ नका. मग आईंना नीट बसवा, पाठीमागे उशा लावा, हनुवटी जराशी खाली असू द्या. आडवं असताना पाजू नका. घड्याळ समोर ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक लहान चमचा, म्हणजे 5 मिली, असं द्या. हे क्षुल्लक वाटतं, पण तासाला 150 मिली होतात. तासभर टिकलं तर दर तीन मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे तासाला 200 मिली. याच वेगाने चौथ्या तासाअखेर 750 मिली आत गेलेले असतात. आईंच्या वजनाला आजारी नसताना दिवसाला साधारण 1300 मिली द्रव लागतो, त्यामुळे चार तासांत एवढं जाणं म्हणजे बरंच अंतर कापणं. गार केलेलं ओआरएस अनेकांना सोपं जातं. चव नकोशी वाटत असेल तर ते गोठवून त्याचे छोटे तुकडे चघळायला देता येतात, पण गिळताना ठसका लागत असेल तर तेही नको.

मध्ये उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा एका चमच्यावर या. एखादी उलटी झाली म्हणजे सगळं फुकट गेलं असं नसतं, काही भाग खाली उतरलेला असतो. उलटी मापाच्या भांड्यात धरता आली तर फार बरं. दिलेलं आणि बाहेर आलेलं असे दोन रकाने लिहीत राहा. माझ्याकडे असा कागद घेऊन येणाऱ्या मुलीकडून किंवा सुनेकडून मला पहिल्या दोन मिनिटांत जेवढं कळतं, तेवढं तपासणीतून अर्ध्या तासात कळत नाही.

हे पाजणं म्हणजे चार तासांची परीक्षा समजा. चार तासांनी दिलेल्यापैकी निम्म्याहून बरंच आत राहिलं, निदान एकदा लघवी झाली, आणि आई आधीपेक्षा जास्त जाग्या, बोलक्या वाटल्या, तर घरीच चालू ठेवा. भूक लागली तर मऊ, साधं अन्न थोडं थोडं द्या, उपाशी ठेवायची गरज नाही. उलट चमच्याच्या वेगानेही तासात दोन-तीनदा सगळं बाहेर आलं, निम्म्याहून जास्त परत आलं, लघवीच झाली नाही, किंवा उभं राहताना भोवळ कायम राहिली, तर परीक्षा फसली. आता तोंडाचा मार्ग पुरेसा नाही. आणखी चार तास बघू, असं करू नका. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असल्यामुळे ज्यांना रोजचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्यांच्यावर ही परीक्षा घरी करूच नये, पहिल्या काही उलट्यांनंतरच डॉक्टरांशी बोलावं.

काही वेळा तर परीक्षा घ्यायचीच नसते. उलटी हिरवी, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी असेल; पोट फुगून ताठ झालं असेल आणि शौच-वायू बंद असेल; छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा गार घाम सुटत असेल; डोकं असह्य दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, चालताना तोल जात असेल; एक डोळा लाल होऊन दुखत असेल. या सगळ्यांत उलटी हे पोटाच्या बाहेरच्या किंवा शस्त्रक्रिया लागणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. वयस्कांमध्ये, विशेषतः मधुमेह असताना, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या उलट्या आणि घाम घेऊन येतो. म्हणून जुलाब नसलेल्या उलट्यांना "पोट बिघडलंय" असं लगेच म्हणायला मी तयार नसते. तुमच्या आईंना जुलाब नाहीत आणि शुगर आहे. चार तासांची परीक्षा उत्तम पार पडली तरी आज त्यांची रक्तातली साखर तपासा आणि शक्य तितक्या लवकर ईसीजी काढून घ्या. उलटी थांबवणारी गोळीही कपाटातली जुनी देऊ नका. मेटोक्लोप्रामाइडने पार्किन्सनचा त्रास बळावतो, इतर काही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात.

आता सलाईन. एका आजोबांचं उदाहरण देते. वय 81, वजन 58 किलो. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी, शिवाय मेटोप्रोलॉल. दीड दिवस उलट्या. घरच्यांनी मन लावून पाणी पाजलं, पण नुसतं साधं, आणि पेल्याने. सगळ्या गोळ्या नेमाने चालू. आणले तेव्हा ते सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारत होते. रक्तदाब 94/60, नाडी 68. जिभेखाली लाळेचा थेंब नाही. नाडीचा आकडा इतका शांत होता तो मेटोप्रोलॉलमुळे.

रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा घटक, 2.1 निघालं, सहा महिन्यांपूर्वी 1.1 होतं. सोडियम 126, म्हणजे 135 च्या किमान पातळीपेक्षा बरंच खाली. पोटॅशियम 3.0, तेही कमी. ईसीजीत झटक्याची खूण नव्हती. चित्र असं होतं की उलटीवाटे मीठ, पोटॅशियम आणि जठरातलं आम्ल गेलं, गोळीने लघवीवाटे आणखी मीठ घालवलं, आणि भरपाई मात्र बिनमिठाच्या पाण्याने झाली. अंगात पाणीही कमी आणि उरलेल्यात मीठही कमी. गोंधळ कशामुळे होता, ते यात आलं.

अशा वेळी सलाईनला पर्याय नसतो. माणूस शुद्धीत नाही म्हणून तोंडाने देता येत नाही, दाब कमी आहे म्हणून वाट बघता येत नाही, आणि क्षार इतके बिघडलेत की ते मोजून मोजूनच दुरुस्त करावे लागतात. दवाखान्यात सलाईन लागतं ते मुख्यतः या तीन कारणांनी. चौथं कारण म्हणजे चमच्याने देऊनही काहीच टिकत नसणं.

आजोबांना आम्ही 0.9 टक्क्यांचं सलाईन आधी 250 मिली दिलं आणि थांबून पुन्हा तपासलं. तरुण माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत 500 मिली जातं. या वयात हृदयाला ते पेलेल का, हे माहीत नसतं, म्हणून निम्मं देऊन छाती ऐकायची, श्वास मोजायचा, दाब बघायचा. दाब 104 वर आला, छाती स्वच्छ होती, मग आणखी 250. नंतर वेग कमी करून त्यात पोटॅशियम मिसळलं. ते नेहमी संथ द्यावं लागतं, पटकन गेलं तर हृदय थांबू शकतं. सोडियम दर सहा तासांनी तपासलं, कारण अनेक दिवस कमी असलेलं सोडियम 24 तासांत 8-10 पेक्षा जास्त वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आजोबांच्या बाबतीत ते किती दिवसांपासून कमी होतं हे सांगता येत नव्हतं, म्हणून सावधच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी 133 झालं होतं आणि आजोबांनी सुनेला तिच्या नावाने हाक मारली. त्या दुपारपासून चमच्याने ओआरएस सुरू केलं, संध्याकाळी सलाईन काढलं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 1.3.

हे एवढं उलगडून सांगितलं, कारण "अशक्तपणा आहे, एक बाटली लावून टाका" ही मागणी मी रोज ऐकते. 500 मिलीच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, बाकी काही नाही. 5 टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, शंभर कॅलरीही भरत नाहीत. ताकद त्यातून येत नाही. तोंडाने घेणाऱ्या माणसाला लावलेल्या बाटलीने चुकीच्या गोष्टीही घडतात. आजोबांना त्या अवस्थेत नुसत्या ग्लुकोजची बाटली लावली असती तर साखर शरीराने वापरून टाकली असती, मागे उरलं असतं साधं पाणी, आणि सोडियम आणखी घसरलं असतं. हृदय कमकुवत असलेल्याला दोन बाटल्या घाईने गेल्या तर फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून घरी बाटली लावायला कोणी तयार झालं तरी आधी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्तातली साखर तपासली का, हे विचारा. नसेल तपासली तर नाही म्हणा.

आई दाखल झाल्या आणि तुम्ही जवळ बसलात तर तुमचं लक्ष बाटली संपण्याकडे नको, आईंच्या श्वासाकडे हवं. नवा खोकला, आडवं झाल्यावर दम लागणं, वाक्य तुटत बोलणं, यातलं काही दिसलं तर लगेच नर्सला सांगा आणि त्या येईपर्यंत त्यांना उठवून बसवा. बाटली चालू आहे म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असं नसतं. आतडी चालत असतील आणि माणूस पूर्ण जागा असेल तर डॉक्टरांना विचारून चमचा लवकर सुरू करा. जितक्या लवकर तोंडाने जाईल तितक्या लवकर सुई निघते, आणि सुई जास्त दिवस राहिली की शिरेला सूज येते.

थोडी मध्यम अवस्था असेल, म्हणजे शुद्ध पूर्ण आहे, दाब ठीक आहे, पण घशाखाली पुरेसं उतरत नाही आणि शिरा इतक्या नाजूक की सुई टिकत नाही, तर मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली बारीक सुईने संथ सलाईन देण्याची एक पद्धत आहे. मिनिटाला साधारण एक मिली या वेगाने ते आत मुरतं. तातडीच्या स्थितीत ती चालत नाही, आणि सगळीकडे ती वापरतातही नाही. पण आईंच्या शिरा सापडत नसतील तर डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

घरी सोडताना तीन गोष्टी लिहून घ्या. थांबवलेली कुठली गोळी कधी आणि किती मात्रेत सुरू करायची. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं. साधारण आठवड्याभरात ते तपासावं, गोळ्या सुरू झाल्यावर मूत्रपिंड कसं वागतंय हे त्यातूनच कळतं. आणि सोडतानाचं वजन. ते गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी उलट्या सुरू झाल्या तर काट्यावर उभं केल्याबरोबर किती लिटर गेलं ते समजेल.